शंभर युनिटांचं घर

आमच्या घरात लाईट बिल मोठ्यानं वाचायचं असतं. ही पद्धत मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. बिल आलं की ते छपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खुर्चीवर बसायचे, मी उभी राहून वाचायचे आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, दाराशी बसून ऐकायच्या. मी भंडारा जिल्ह्यातल्या करडीकडच्या या गावात लग्न होऊन आले ती बी.कॉम. होऊन, आणि मामाजींच्या लेखी बी.कॉम.चा पहिला उपयोग हाच होता. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, तो शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. त्याच्या हाती बिल देण्यात अर्थ नव्हता, हे पुढे कळेल.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यातलं मे महिन्याचं बिल जूनमध्ये आलं, ते नेहमीच्या दुपटीहून जास्त. मामाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"सूनबाई, नीट वाचून सांग बरं, एवढं काहून आलं?"

मी वाचलं. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केलं की वापर निघतो, तो एकशे एकवीस युनिट होता. एप्रिलमध्ये अठ्ठ्याण्णव होता. बिल उलटून पाहिलं तर मागे दरांचा तक्ता होता. शून्य ते शंभर युनिटांचा एक दर, एकशे एक ते तीनशेचा दुसरा, आणि हा दुसरा पहिल्याच्या दुपटीहूनही जास्त. मला वाटलं, सापडलं. मी अगदी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, "मामाजी, शंभराच्या वर एक जरी युनिट गेलं ना, तं साऱ्या युनिटांले वरचा दर लागते. म्हणून बिल दुप्पट झालं."

हे साफ चूक होतं. पण मला ते ठाऊक नव्हतं, आणि माझ्या आवाजात शंकेला जागा नव्हती.

त्याच दिवशी मी एक गोष्ट बरोबरही सांगितली. मामाजींना वाटायचं की शेवटच्या तारखेला बिल भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी तार कापतात. मी त्यांना बिलावरच्या तीन रकमा दाखवल्या. लवकर भरलं तर थोडी सूट, देय दिनांकापर्यंत भरलं तर ठरलेली रक्कम, आणि त्यानंतर भरलं तर सव्वा टक्का दंड. सातशेच्या बिलाला नऊ रुपयेही होत नाहीत. आणि वीज तोडायची तर आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मामाजींनी शेजारच्या गावातल्या ओळखीच्या लाईनमनला विचारून खात्री केली. तो म्हणाला, सूनबाई बरोबर सांगते. झालं. तेव्हापासून माझा शब्द घरात पक्का झाला, आणि खरा शब्द व चुकीचा शब्द दोन्ही सारखेच पक्के झाले.

त्या पक्केपणाची किंमत मला लगेच मिळाली. तुमसरला एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती. आमच्या घरातली कुठलीच सून तोवर बाहेर कामाला गेली नव्हती. मामाजींनी दोन दिवस घेतले, मग म्हणाले, "कागद समजते तिले. जाऊ दे." बसच्या पासापुरते पैसेही त्यांनीच दिले. मी हवेत होते.

इकडे घरात शंभर युनिटांचं राज्य सुरू झालं. मामाजी रोज सकाळी चहा घेऊन मीटरसमोर उभे राहायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. रीडिंग घेणारा ज्या तारखेला येतो त्या तारखेला लाल रेघ, तिथून आमचा महिना सुरू. दिवसाला तीन युनिट, कधी सव्वातीन. जास्त झाले की संध्याकाळी टीव्ही बंद. पाण्याची मोटर मोजून अकरा मिनिटं. कूलर पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला, तो तिथंच राहिला. महिना संपता संपता आकडा नव्वदीत गेला की मामाजी स्वतः उठून एकेक बटण बंद करायचे. मी दर महिन्याला हिशेब करून पाहायचे, तो तंतोतंत जुळायचा. जुळणारच होता. शंभराच्या आत एकच दर लागतो, मग माझी चूक उघडी पडणार कशी?

गल्लीतल्या बायका बिल घेऊन यायला लागल्या. मी त्यांनाही तेच सांगितलं. दोन उन्हाळ्यांत आमच्या गल्लीत दुपारचे पंखे बंद राहायला लागले, आणि याचंही मला कौतुक वाटायचं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मेच्या मध्यावर, आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भंडाऱ्याहून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाणी नको, धूळ नको, घाम तर अजिबात नको. त्या दिवशी कॅलेंडरवरचा आकडा होता एक्याण्णव. लाल रेघ नऊ दिवस लांब होती.

मामाजी काही दुष्ट माणूस नव्हेत. त्यांनी आत्याबाईंची खाट भिंतीच्या गार बाजूला लावली, दाराला ओलं गोणपाट बांधलं. पण अकरा वाजले की पंखा बंद, तो पाचला सुरू.

"नऊ दिवसाची तं गोष्ट आहे," ते म्हणाले. "शंभर पार झालं तं सारंच पाण्यात."

आत्याबाई काळा चष्मा लावून उताण्या पडून राहायच्या. कपाळावर घाम जमायचा, आणि तो डोळ्याकडे ओघळायच्या आत मी पदरानं टिपायचे. मी त्यासाठी चार दिवसांची रजा घेतली होती. हातपंख्यानं वारा घालून मनगट भरून यायचं. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा गटाराच्या ओलीत बसलेलं.

रजेच्या पहिल्याच दिवशी समोरची काकू तिचं बिल घेऊन आली. एकशे अठ्ठेचाळीस युनिट. "बरोबर हाये का पाय बरं," म्हणाली. मी एकशे अठ्ठेचाळीसला वरच्या दरानं गुणलं. माझी रक्कम छापील वीज आकारापेक्षा कितीतरी जास्त आली. मी मागचं रीडिंग पाहिलं, चालू रीडिंग पाहिलं, बिलावर छापलेला मीटरचा फोटोही पाहिला. सगळं बरोबर. पुन्हा गुणलं. मग हात थांबला. शंभराला पहिला दर लावला, उरलेल्या अठ्ठेचाळीसला दुसरा, आणि बेरीज केली. पैशापर्यंत जुळली.

काकूला म्हटलं, बिल बरोबर आहे. बाकी काही सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी तारेला खोचलेली जुनी बिलं काढली आणि ते पहिल्या उन्हाळ्याचं बिल शोधलं. खाली एक ओळ होती, मागील थकबाकी. एप्रिलचं बिल नवऱ्यानं मोबाईलवरून भरलं म्हणून सांगितलं होतं, ते भरलंच गेलं नव्हतं. दोन महिन्यांची रक्कम वर दंडासकट एकत्र आली होती, म्हणून बिल दुप्पट. ती ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती. एकवीस युनिटांनाच काय तो वरचा दर लागला होता.

मी खाटेजवळ बसून मनात हिशेब केला. अकरा ते पाच एक पंखा, नऊ दिवस. फार तर चार युनिट. सगळे आकार आणि शुल्क धरून पन्नासेक रुपये. एवढ्यासाठी एक डोळा घामात भिजत होता.

सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच. पण मामाजींचं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. घरचं बिल नीट वाचता येत नाही, ती लोकांच्या ठेवी काय वाचत असेल? त्यांनी एकदा दिलेली परवानगी परत घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. त्या नोकरीशिवाय माझं त्या घरात काय होतं? रीडिंगच्या तारखेपर्यंत कसंबसं ढकलू, मग हळूच काही तरी सांगू, असं मी स्वतःला समजावत राहिले. मी वारा घालत होते आणि खोटं बोलत होते, दोन्ही एकाच वेळी. मला माझी किळस आली, तरी मी बोलले नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "डोळा टोचून राहिला." चष्मा काढून पाहिला तर पांढरं सगळं लाल झालेलं.

मी उठले आणि पंख्याचं बटण दाबलं. छपरीत पडलेल्या मामाजींनी आवाज ऐकला आणि आत आले.

"किती झाले सूनबाई? पंच्याण्णव ना?"

"पंच्याण्णव होवो का दीडशे," मी म्हटलं. "मामाजी, मी चुकली होती. शंभराच्या वरच्याच युनिटांले वरचा दर लागते. खालच्या शंभराले नाही." मी ते पहिल्या उन्हाळ्याचं बिल त्यांच्यासमोर धरलं आणि थकबाकीच्या ओळीवर बोट ठेवलं.

मामाजींनी बिल हातात घेतलं. मग कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला त्यांनी स्वतः आकडेमोड केली, एकदा, मग दुसऱ्यांदा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी डॉक्टरले फोन लावतो," आणि बाहेर गेले. नोकरीबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि पुढेही नाही. कदाचित बोलायचं राहून गेलं असेल. मी विचारलं नाही.

आत पंखा फिरत होता. आत्याबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि माझा हात धरून मला खाटेवर बसवलं.

"सांगितलं तू शेवटी," त्या म्हणाल्या.

मला समजेना. त्या सावकाश सांगायला लागल्या. मागच्या उन्हाळ्यात रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, शंभराच्या वर गेलं तर खरंच सारं महाग होतं का. तो हसला होता. वर जेवढे जातील तेवढेच महाग, म्हणाला होता.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं. "मग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं तुहा शब्द खोटा पडला असता. ह्यायनं तुले घरी बसवलं असतं."

मी नोकरी जाऊ नये म्हणून चार दिवस गप्प बसले होते. माझीच नोकरी जाऊ नये म्हणून त्या दोन उन्हाळे उकाड्यात पडून राहिल्या होत्या, मागचा आणि हा, आणि या उन्हाळ्यात तर ऑपरेशन झालेला डोळा घेऊन.