झागोर्काने संथ केलेला झेंडा

आमच्या सुवा लिपा गावात कोणाचं लग्न किती दिमाखात झालं हे पाहुणे ठरवत नाहीत, झागोर्का ठरवते. मोरावा नदीच्या या काठावर लग्नाची फिल्म करणारी ती एकटीच. नवरी पुष्पगुच्छ मागे फेकते तेव्हा झागोर्का आधी चित्र भरभर पळवते, गुच्छ हातातून सुटायच्या आत वेग अलगद उतरवते आणि बरोबर त्या घडीला थांबवते. बघणाऱ्यांचा श्वासही तिथेच थांबतो. एकदाच तिने नवऱ्या मुलाच्या आईला कोबीच्या पानातला खिमा तोंडात कोंबताना थांबवलं होतं. त्या बाई अजून तिच्याशी बोलत नाहीत. झागोर्काचं म्हणणं, ‘दिवसभरात त्या तेवढ्याच एका क्षणी मनापासून खूश होत्या, मी काय करू?’

मी तिचा शेजारी. शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे आणि गावाच्या फुटबॉल क्लबाच्या सभांचं इतिवृत्त लिहितो. म्हणजे काय घडलं ते नाही, अध्यक्ष सांगतात ते. म्हणून हे इथे वेगळं लिहून ठेवतोय.

झागोर्काचा नवरा तिहोमिर आमचा पोस्टमन. सव्वीस वर्षं सायकलवर. सरळ माणूस, इतका की त्याच्याबरोबर पत्ते खेळायचा कंटाळा येतो. आमच्या तळाच्या विभागात मधला पंच तेवढा बाहेरून येतो. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला प्रत्येक क्लब आपलाच एकेक माणूस देतो. परक्यांचा खेळाडू ऑफसाइड, म्हणजे पास निघतानाच शेवटच्या बचावपटूच्या पुढे असला, की या माणसाने झेंडा वर करायचा आणि आपल्यांच्या वेळी डोळ्यात कचरा गेल्यासारखं करायचं, हे कुठेही लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. तिहोमिरला तेवढं ठाऊक नव्हतं. किंवा होतं, पण पटत नव्हतं.

मे महिन्यातला शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्या विभागात, बरोबरी झाली तर पुन्हा वर्षभर त्याच चिखलात. सत्याऐंशी मिनिटं कोरी गेली आणि मग मधून एक लांब पास निघाला. आमचा ल्युबिशा, म्हणजे अध्यक्ष रादिसाव यांचा जावई, एकटाच पुढे होता. त्याने चेंडू घेतला आणि गोल केला. रेषेवर तिहोमिरचा झेंडा ताठ वर. ऑफसाइड! आपल्याच माणसाचा!

मधला पंच दुसरीकडे बघत होता. त्याने गोल दिला. आम्ही वर गेलो.

पण झेंडा गावाने पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून तिहोमिर आंधळा झाला, गद्दार झाला, पलीकडच्या गावाने विकत घेतलेला झाला. लोक पत्र घ्यायचे आणि दार लावायचे. खानावळीतल्या त्याच्या खुर्चीवर कोणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं आणि ते कोणी उचलेना. मी उचललं का? नाही. मलाही तिथेच जेवायचं असतं. याची लाज मला आजही वाटते.

तिहोमिर घरी एकच वाक्य बोलायचा. “होता तो पुढे.” जेवण अर्धं ताटात.

जूनमध्ये विजयाची मेजवानी ठरली आणि रादिसाव झागोर्काच्या दारात आले. लाकडाची वखार त्यांची, क्लब त्यांचा, मतही त्यांचंच. झागोर्काने तो सामना शाळेच्या गच्चीवरून चित्रित केला होता, त्याची फिल्म त्यांना हवी होती. मी इतिवृत्तासाठी सोबत गेलो होतो.

“मी खुर्चीतून उठतो ना गोल झाल्यावर,” रादिसाव म्हणाले, “ते संथ कर. दहापट संथ.”

“दहापट नाही होणार, अध्यक्ष.”

“का? पैसे कमी पडतात का?”

“चित्रं कमी पडतात. माझा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो, पडद्यावर लागतात पंचवीस. निम्म्या वेगापर्यंत खरं दिसतं. त्याहून ओढलं तर मधली चित्रं यंत्र मनाने भरतं.”

“भरू दे की. आपल्याला काय?”

तिने करून दाखवलं. रादिसाव खुर्चीतून उठले तेव्हा त्यांना तीन पाय होते आणि कोपरापाशी शेजारच्या माणसाचा कान चिकटला होता.

“निम्माच ठेव,” ते म्हणाले. “आणि ल्युबिशाला पास मिळतो ना, तिथे थांबव. गोल वर्तुळ काढ त्याच्याभोवती. बघू दे लोकांना, माझ्या जावयाने सगळ्यांना किती मागे टाकलंय ते!”

झागोर्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. “पास निघतो, त्याच क्षणी?”

“त्याच क्षणी! चेंडू पायातून सुटतो तिथेच.”

“तुम्ही म्हणाल तसं,” ती म्हणाली, आणि इतक्या गोड आवाजात की मला घामच फुटला.

ते गेल्यावर तिने मला ते चित्र दाखवलं. सामन्यात ती कॅमेऱ्याची झडप मुद्दाम फार थोडा वेळ उघडी ठेवते, म्हणून थांबवलेलं चित्र पुसट होत नाही, बुटाची नाडीसुद्धा दिसते. चेंडू नुकताच पायातून सुटलेला. गोलपुढच्या मोठ्या चौकटीची पांढरी रेघ स्वच्छ. त्यांचा शेवटचा बचावपटू रेघेच्या बाहेर, आणि आमचा ल्युबिशा रेघेच्या आत, दोन ढांगा पुढे. त्याच्यापुढे एकटा गोलकीपर. लहान पोरालाही कळलं असतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “मी एकही चित्र बदलणार नाही. त्यांनी सांगितलं तिथे थांबवणार, आणि त्यानंतर माझ्या नवऱ्याचा हात वर जातो, तो संथ दाखवणार. बस्स. एवढ्याने तरी त्याची खुर्ची मोकळी होऊ दे.”

तिहोमिरला तिने काही सांगितलं नाही. चार दिवस ती त्या साडेतीन सेकंदांवर बसली होती. पडद्यावर खाली वेगाची रेघ असते, ती रेघ ती पुन्हा पुन्हा घासत होती. वेग एकदम तुटला तर गचका बसतो, म्हणून चढउतार गोल करायचा. मधल्या पासापर्यंत तिप्पट वेग, मग घसरगुंडी, मग चित्र पूर्ण दोन सेकंद थांबलेलं. तिथून पुन्हा सुरू, पण निम्म्या वेगाने, तिहोमिरचा हात पूर्ण वर जाईपर्यंत. झेंडा ताठ झाला की परत नेहमीचा वेग, आणि गोल. संथ केल्यावर लोकांची ओरड म्हशीच्या हंबरण्यासारखी येत होती, म्हणून तिने तो आवाज काढून खाली तुताऱ्यांचा बँड घातला. मला वाटतं, चूक झाली ती तिथेच. पण तेव्हा मीही म्हटलं होतं, “वा!”

मेजवानी गावाच्या सभागृहात झाली. भाजलेली मेंढरं, आलुबुखाराची दारू, भिंतीभर पडदा. झागोर्काने हात धरून ओढत आणलं म्हणून तिहोमिर आला आणि दारापाशी उभा राहिला. पोस्टाचा कोट घालूनच, म्हणजे कोणी हाकललं तर कामावर आलो होतो असं सांगता येईल.

फिल्म सुरू झाली. रादिसाव दोन पायांवर उठले, टाळ्या पडल्या. मग अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. चित्र पळालं, उतरलं आणि थांबलं. ल्युबिशाभोवती पिवळं वर्तुळ, मागे पांढरी रेघ, तिच्याही मागे तो बचावपटू. दोन सेकंद. मी श्वास रोखून लोकांच्या तोंडांकडे बघत होतो.

“अरे बापरे, किती पुढे आहे बघा!” रादिसाव ओरडले. “दोन ढांगा! कोणी पोचूच शकलं नाही त्याच्यापर्यंत!”

सभागृह गरजलं. आमच्या संघाचा प्रशिक्षकसुद्धा टाळ्या वाजवत होता. ऑफसाइड म्हणजे काय हे तो पोरांना दर मंगळवारी फळ्यावर काढून समजावतो.

मग चित्र हललं. पडद्याच्या कडेला तिहोमिर. त्याचा हात निघाला, हळूहळू, खांद्यापाशी आला, वर गेला, झेंडा वाऱ्यावर उलगडला, आणि खाली तुताऱ्या. प्रत्यक्षात तो हात चाबकासारखा वर गेला होता, मी पाहिला होता. नकार होता तो. संथ केल्यावर तो सलामी झाला. घोड्यावर बसलेल्या सरदारानेसुद्धा इतक्या प्रेमाने निशाण उंचावलं नसतं.

मग खानावळवाला उठला. तो रडत होता.

“आपल्यासाठी हलवत होता रे तो झेंडा! गोल व्हायच्या आधीच त्याला कळलं होतं! आणि आपण त्याला काय काय बोललो!”

मग काय विचारता. तिहोमिरला दारापासून उचलूनच आणलं. रादिसावांनी आपल्या कोटावरचा क्लबाचा बिल्ला काढून त्याच्या पोस्टाच्या कोटाला लावला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

“मी ऑफसाइड दिला होता,” तिहोमिर म्हणाला.

हशा पिकला.

“खरंच सांगतो. ल्युबिशा पुढे होता. आत्ताच तुम्ही सगळ्यांनी पाहिलं.”

“पुरे झाला विनय!” रादिसाव म्हणाले. “अरे, याला कोणीतरी प्यायला द्या!”

झागोर्का यंत्रामागे उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही, विचारायचं धाडसही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो. दारात तीन हंड्या लोणची, एक हॅम आणि खानावळीतली ती खुर्ची होती, लाल गादी शिवून. तिहोमिर पडद्यासमोर बसला होता.

“मला ते तसं दाखव,” तो बायकोला म्हणाला. “जसं झालं तसं. ना पळवायचं, ना थांबवायचं. आणि तुताऱ्या बंद कर.”

तिने मूळ चित्रफीत लावली. पास गेला, हात वर आला. एका सेकंदाच्या आतबाहेर सगळं संपलं. लक्ष नसतं तर दिसलंही नसतं.

“पुन्हा.”

तिने पुन्हा लावलं.

“वेळेवर आहे ना गं हात?”

“वेळेवर आहे. एका चित्राचाही उशीर नाही.”

मग त्याने कोटाचा बिल्ला काढून तिच्या टेबलावर ठेवला, पत्रांची पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडला. फाटकाशी दोन पोरं उभीच होती. त्याला पाहताच दोघांनी आपले हात अगदी सावकाश, पडद्यावरच्यासारखे वर केले.