सुती अस्तर

लेकीचं लग्न मे महिन्यात, पळस्प्याजवळच्या हॉलमध्ये ठरलं, तेव्हा माझ्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. डाव्या काखेपासून छातीपर्यंतचा व्रण भरला होता. पण घाम आला की तो भाग हुळहुळायचा. मी ढगळ कुर्त्यांतच वावरत होते. लेकीचा मात्र एकच हट्ट होता, "आई, तू साडीच नेसायची."

हिरवी रेशमी साडी, ब्लाऊजसाठी सॅटिनचं चकचकीत अस्तर आणि तसाच परकर घेऊन मी आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या मावशींकडे गेले. त्या उरणकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. माप घेताना त्यांची टेप काखेशी थांबली. मी नजर चुकवली. त्यांनी टेप सैल धरली.

मग त्यांनी माझं अस्तर चिमटीत धरून बाजूला ठेवलं.

"ह्ये मी लावनार नाय, ताई. यात हवा नाय खेळत, घाम नाय शोषत. तुमाला दिसभर उभं रायचं हाय."

"आणि परकर?"

"तो पन नको. रेशीम त्याच्यावरनं घसरतंय. दिसभर निऱ्याच सावरत बसाल."

त्यांच्या सांगण्यावरून मी बाजारातल्या मॅचिंग सेंटरमधून अस्तराला मऊ, पातळ सुती कापड आणि परकराला सुती पॉपलीन आणलं. दोन्ही साडीच्याच हिरव्या रंगाची. मावशींनी ती रात्रभर पाण्यात भिजवली, वाळवून इस्त्री केली आणि मगच कापली. आधी आटू दिलं नाही, तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरचं कापड चुण्या धरतं, म्हणाल्या. परकर सहा कळ्यांचा शिवला, कमरेशी चुण्यांचा फुगा नको म्हणून.

ब्लाऊज घालून पाहिला तेव्हा मी गोंधळले. आत हात फिरवला तर डाव्या बाजूला शिवण लागेचना. मावशींनी ती कापड आणि अस्तराच्या मधे दडवली होती. काखेजवळ नुसतं मऊ सूत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्या जागेचा विचार माझ्याआधी केला होता. मला रडूच कोसळलं. मावशींनी पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि दुसऱ्या ब्लाऊजला हूक लावायला बसल्या.

लग्नाच्या दिवशी उकाडा भयंकर होता. अस्तर घामाने ओलं झालं, पण टोचलं नाही. निऱ्या सकाळी बसवल्या तशाच होत्या. दुपारी लेकीने गळ्यात पडून मला घट्ट मिठी मारली. एरवी डाव्या बाजूने कुणी जवळ आलं की मी मागे सरायचे, तशी सरले नाही.

दोन दिवसांनी पेढे घेऊन मावशींकडे गेले. आभाराचे शब्द मनात जुळवूनच गेले होते. त्यांनी पेढा बाजूला ठेवला, माझा हात धरून जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "घासलं नाय ना कुठं?"

"नाही," मी म्हणाले. जुळवलेले आभाराचे शब्द मनातच राहिले.