किंमत लेखी कळवावी

हे गेले त्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि आमची जुनी गाडी तेव्हापासून बिल्डिंगखाली उभी होती. क्लच जड झाला होता, माझा गुडघा तर त्याहून. विश्रांतवाडीहून कुठंही जायचं म्हणजे रिक्षावाल्याशी बोलणी. शेवटी ठरवलं, बिनगिअरची छोटी गाडी घ्यायची. मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, "आई, बघ तुला काय हवं ते." म्हणजे मलाच बघायचं होतं.

शोरूममधला सेल्समन आदबशीर होता. त्याने पाणी दिलं, गाडी फिरवून दाखवली आणि आपल्या कार्डाच्या मागे एकच आकडा लिहून दिला. "ऑनरोड, मॅडम. सगळं धरून. पंचेचाळीस हजारांचा डिस्काउंट वजा करून." सगळं म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तो हसला. "सरांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो." सर नाहीत, एवढंच मी म्हणाले. मग तो ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे असं सांगू लागला.

घरी येऊन ते कार्ड मी तीन-चार वेळा उलटंसुलटं केलं. अशा वेळी हे समोर बसून आकडेमोड करायचे, मी चहा टाकायचे. आता चहाही माझा आणि आकडाही माझा. विचारायचं तर कुणाला? शेजारच्यांना विचारलं असतं, तर त्यांनी स्वतःच्या गाडीची कहाणी सांगितली असती.

मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची तिथे नोंद होत नसे. म्हणून कागद घेतला आणि शोरूमच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि इतर जे काही असेल त्याची रक्कम वेगवेगळी द्यावी. यातलं सक्तीचं कोणतं, ऐच्छिक कोणतं, तेही लिहावं. सवलत कोणत्या नावाने, किती आणि कोणत्या अटीवर, हे सही-शिक्क्यानिशी कळवावं. पत्र लिहून झाल्यावर सवयीने मोठ्याने वाचलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी एक शब्द खोडून बदलला.

पत्र स्वतः नेऊन दिलं, माझ्या प्रतीवर पोच घेतली. पोच देणारी मुलगी गोंधळली. असं कुणी मागत नसावं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. सुरुवात 'प्रिय सर' अशी होती. पण माहिती खरोखर दिली होती. अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी ऐच्छिक निघाली. हाताळणी खर्च म्हणून एक रक्कम होती, ती कशाची ते लिहिलं नव्हतं. आणि सवलत: वीस हजार सरसकट, पंचवीस हजार जुनी गाडी बदल्यात दिली तर. त्याखाली बारीक अक्षरात अट होती. जुनी गाडी खरेदीदाराच्या नावावर हवी; मूळ मालक हयात नसल्यास आधी वारसाच्या नावे हस्तांतर करावे.

ते वाक्य मी पुन्हा वाचलं. गॅसचं कनेक्शन, वीजबिल, बँक, सगळ्यावरून यांचं नाव मी काढलं होतं. गाडीचं राहून गेलं होतं. खरं सांगायचं तर राहून गेलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

व्यवस्थापकांना भेटले. हाताळणी खर्चाचं विचारलं, तर त्यांनी पेन घेऊन तो खोडला, जणू चुकून आला होता. विम्याला मी बाहेरच्या एजंटाचा दर दाखवला. त्यांनी तेवढाच लावला. नवीन कागद शिक्क्यासह दिला, त्यावर सवलतीची मुदतही पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाढवून दिली. मग विचारलं, "एक्सचेंजचं काय करायचं, मॅडम?"

"आठवड्याभरात सांगते," मी म्हणाले.

मुलाला फोन केला. त्याचं नाहरकत प्रतिज्ञापत्र लागणार होतं. तो म्हणाला, "बाबांची गाडी देऊन टाकायची?" पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मला सोबत वाटली. कागद त्याने कुरिअरने पाठवला. मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी घेऊन मी आरटीओत दोन खेपा घातल्या. उशिराचा दंडही भरला. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता मृताशी नातं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

काही दिवसांनी माझ्या नावाचं आरसी आलं. गाडी पहिल्यांदाच माझी झाली होती. दुसऱ्या आठवड्यात शोरूमचा माणूस ती घेऊन गेला. मी पायऱ्यांवर उभी राहिले. फाटकाशी त्याचा क्लच अडखळला, गाडी बंद पडली, मग पुन्हा सुरू झाली आणि आळंदी रस्त्याला लागली.

नवी मिळाली त्या दिवशी शोरूममध्ये फोटो काढायचा होता. घरचे यायचेत का, असं त्यांनी दोनदा विचारलं. पोच देणारी ती मुलगी आपणहून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. फोटोत आम्ही दोघी आहोत. मुलाने तो पाहून विचारलं, ही कोण? मला तिचं नाव माहीत नव्हतं.