उत्तरायणापर्यंतचा भाव

आमच्या राजकोटच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात खरेदी सांभाळणाऱ्या दक्षाबेन अंताणींचं मला एका गोष्टीसाठी फार कौतुक आहे. त्या पुरवठादाराशी खोटं बोलत नाहीत. खरेदी खात्यात हे व्रतच म्हणायचं.

त्या वर्षी नव्या व्हॉल्व्हसाठी पितळी सुटे भाग हवे होते. जामनगरच्या करसनभाई नकुमांचा भाव सगळ्यांत चांगला होता, पण तो आठवड्यापुरताच. पितळ रोज चढत होतं. इकडे कमुरता, म्हणजे उत्तरायणाच्या, आपल्या संक्रांतीच्या, आधीचा अशुभ महिना सुरू झालेला, आणि कमुरत्यात कुठल्याही नव्या कामावर सही करायची नाही, हा शेठ वल्लभभाईंचा नेम. दक्षाबेननी सांगून पाहिलं, पण शेठ ढिम्म हलले नाहीत.

शेवटी त्या स्वतः जामनगरला गेल्या.

"भाई, उत्तरायणापर्यंत हाच भाव धरा. आमची मंजुरी अडकलीय."

"बेन, पितळ काय तुमच्या शेठचं कॅलेंडर बघून चढतं?" करसनभाई उखडले. "बाकीचे खरेदीवाले म्हणतात, ऑर्डर उद्याच येतेय. तुम्ही निदान तसं तरी म्हणा!"

"नाही म्हणणार. शेठ नकारही देतील. माझ्या शब्दावर माल भरून ठेवू नका."

करसनभाईंनी बशीतला चहा संपवला. "आता तुम्हाला नाही कसं म्हणू? पण उत्तरायणाच्या संध्याकाळपर्यंतच. पुढे माझं दिवाळं निघेल."

"त्यापुढे मागणार नाही," दक्षाबेन म्हणाल्या.

आणि इथेच बाईंची चूक झाली. उत्तरायणाला कमुरता उठतो खरा, पण त्या दिवशी अख्खं राजकोट गच्चीवर असतं! त्या फाईल घेऊन शेठच्या गच्चीवर चढल्या, तर शेठच्या एका हातात मांजा, दुसऱ्या हातात चिक्की.

"अहो दक्षाबेन, आज कोणी सही करतं का? उंधियू खा!"

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पुन्हा पतंग. कारखाना उघडला तेव्हा शेठनी प्रसन्न चेहऱ्याने पेन काढलं.

दक्षाबेननी फाईलवर हात ठेवला. "हा भाव मेला, शेठ. नवा मागवावा लागेल. महाग पडेल."

"दोन दिवसांनी काय होतंय? फोन करा करसनला. तुम्हाला तो नाही म्हणणार नाही."

"म्हणून तर करणार नाही."

शेठनी पेनाला टोपण लावलं. जन्मात त्यांना कोणी असं अडवलं नव्हतं. बाईंची नोकरी आता गेलीच, असं बाहेरच्या टेबलांवर सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

"नवा भाव मागवा," शेठ शेवटी म्हणाले.

जामनगरहून दुपारी नवा भाव आला. वाढलेलं पितळ तेवढं त्यात धरलं होतं, मजुरी जुनीच. महिनाभर रखडलेली सही शेठनी उभ्या उभ्या केली.

"पुढच्या वर्षी," पेन खिशात ठेवत ते पुटपुटले, "कमुरत्याच्या आधीच फाईल आणा. आणि मी टाळाटाळ केली, तर आजच्यासारखंच मला अडवा."