सगळ्यात लांबचं टेबल

हॉटेलातली पोरं तिला कॅप्टन म्हणायची, आणि ती होतीही कॅप्टनच. कुठलं गिऱ्हाईक कुठे बसवायचं, कुणाला घाई आहे, कुणाला नुसतं बसायचं आहे, कुणाचं भांडण झालेलं आहे आणि त्यांना खिडकीपाशी बसवलं तर ते वाढेल की मिटेल, हे ती माणूस दारातून आत येईपर्यंत ठरवून मोकळी व्हायची. मालक तिच्या या कसबावर खूश होते. पगार वाढवण्याइतके नव्हे, पण खूश होते.

माणसांना जागा देण्यात आयुष्य गेलेल्या या बाईला स्वतःच्या वडिलांना कुठे बसवावं हे मात्र कळेनासं झालं होतं.

बाबांना दमा होता. जन्मभर बस चालवली, सिगारेटला कधी हात लावला नाही, आणि म्हातारपणी छातीने दगा दिला. एकदा ती कामावर असताना ते घरात एकटे होते, न्हाणीघरात धाप लागली, आणि हाताशी पंप नव्हता. शेजारणीने दार वाजवलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून कॅप्टनचा जीव सतत टांगणीला लागलेला असायचा. ट्रे उचलताना मनात बाबा, बिल देताना मनात बाबा, फोन वाजला की हातातलं टाकून धाव. शेवटी तिने धीर करून मालकांना विचारलं, आणि मालक म्हणाले, आणत जा की त्यांना, म्हातारा माणूस आपल्याला काय जड आहे. तेव्हापासून दुपारचं काम सुरू झालं की बाबा हॉटेलात येऊन बसायचे आणि संध्याकाळी भाचा त्यांना घरी घेऊन जायचा.

सकाळी त्यांची बाग ठरलेली होती. बागेत नगरपालिकेने फाटकाजवळ पिवळ्या रंगाचा चौकोन आखला होता, त्यात एक बाक आणि राखेची कुंडी. सिगारेट ओढायची तर तिथेच. पहिले काही दिवस बाबा त्या चौकोनाशेजारच्याच बाकावर बसले, कारण तिथे ऊन यायचं, आणि घरी येईपर्यंत त्यांची छाती वाजायला लागायची. वारा तिकडचा इकडे आला की चौकोनाची रेघ त्याला अडवत नव्हती. मग कॅप्टनने त्यांना पार पलीकडे, कारंज्याच्या बाजूला नेऊन बसवलं. तिथे चौकोन वाऱ्याच्या उलट अंगाला पडायचा आणि मध्ये भरपूर मोकळी हवा. छाती शांत झाली. कॅप्टनला हायसं वाटलं आणि तिने मनाशी गाठ बांधली, की धुरापासून लांब बसलं की झालं.

ही गाठच पुढे तिला नडली.

कारण हॉटेलातही तिने हाच हिशेब लावला. तिथे आधी एक काचेची खोली होती, दारावर 'धूम्रपान कक्ष' अशी दिमाखदार पाटी. खोलीला स्वतःचा पंखा होता, आणि त्या पंख्यावर मालकांचा फार विश्वास. पण आत बसलेल्यांना जेवण तर द्यायला हवं, आणि वाढप्याने दार उघडलं की धूर त्याच्या पाठोपाठ सुटीवर निघाल्यासारखा बाहेर यायचा. शेजारच्या टेबलावरची मंडळी नाकं मुरडायची. तेव्हा कॅप्टननेच सुचवलं, की साहेब, ही खोली पाडू आणि ओढणाऱ्यांना पुढच्या ओट्यावर बसवू, बाहेर हवाच हवा आहे. मालकांना ते पटलं. ओट्यावर छप्पर होतंच. टेबलं मांडली, रक्षापात्रं ठेवली, ओट्याला नव्याने शोभा आली. सगळ्यांनी कॅप्टनचं कौतुक केलं, आणि तिनेही ते नको नको म्हणत ऐकून घेतलं.

बाबांसाठी तिने ओट्यापासून सगळ्यात लांबचं टेबल निवडलं. अगदी मागचं, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. मध्ये सगळी जेवणाची खोली. यापेक्षा लांब जायचं तर भिंत फोडून मागच्या गल्लीतच बसावं लागलं असतं.

थंडी पडली. ओट्याच्या तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचे जाड पडदे सोडले गेले, गिऱ्हाइकांना ऊब आली, आणि बाबांची छाती पुन्हा वाजू लागली.

सुरुवातीला तिने थंडीवर खापर फोडलं. मग तळणाच्या वासावर. स्वयंपाकघर लागूनच, तेव्हा तेलाचाच धूर येत असणार. तिने आचाऱ्याला विचारलं तर तो रागावलाच. म्हणाला, चुलीवर एवढा मोठा एक्झॉस्ट पंखा बसवलाय, माझ्याकडची वाफसुद्धा बाहेर खोलीत जात नाही, उलट तुमच्याकडची हवा माझ्याकडे येते. तो त्याच्या बाजूने खरं बोलत होता. पण कॅप्टनचं लक्ष दुसऱ्या टेबलाच्या हाकेकडे गेलं आणि ते वाक्य तसंच राहून गेलं.

ती डोळ्यांत तेल घालून बाबांकडे बघायची. पाणी पोचवताना बघायची, खांदे किती वरखाली होतात ते बघायची. बाबा हसून हात हलवायचे, बरा आहे असं सांगायचे. त्या हसण्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. रोज थोडा जास्त पंप लागत होता, आणि तिला कारण सापडत नव्हतं. जागा तर तिनेच निवडलेली, सगळ्यात लांबची. मग चुकतंय कुठे?

एका गर्दीच्या दुपारी ओटा भरलेला होता आणि मागून ग्लास पडल्याचा आवाज आला. बाबा टेबलाची कड धरून वाकले होते, ओठ निळसर, आणि तोंडातून शिट्टीसारखा आवाज. कॅप्टन धावली. तिने पंप दिला, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्यांना मागच्या दाराने गल्लीत नेऊन पायरीवर टेकवलं. वाढप्याने रिक्षा आणली. दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली, तेव्हा कुठे श्वास जाग्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं का? कॅप्टन म्हणाली, नाही. मग दिवसभर बसतात कुठे, असं त्यांनी विचारलं, आणि तिला उत्तर देताना पहिल्यांदाच लाज वाटली.

भाच्याच्या ताब्यात बाबांना देऊन ती तशीच हॉटेलात परतली. या वेळी ती आत गेली नाही. ओट्यावर, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जवळच्या टेबलावर एकजण सिगारेट ओढत होता. धूर वर जाईल, रस्त्याकडे जाईल, असं तिला वाटत होतं. पण रस्त्याकडे प्लास्टिक होतं. धूर थोडा वर गेला, छपराखाली रेंगाळला, आणि मग कुणी बोट धरून नेल्यासारखा वळून दारातून आत गेला. तिने खिशातला कागदी रुमाल काढून चौकटीत धरला. रुमाल आतल्या बाजूला वाकला आणि तसाच राहिला. तुमच्याकडची हवा माझ्याकडे येते, हे आचाऱ्याचं बोलणं तिला आता समजलं. स्वयंपाकघरातला तो पंखा चुलीवरची हवा बाहेर फेकत होता, आणि तेवढीच हवा त्याला कुठूनतरी हवी होती. ती ओट्यावरून येत होती, सगळी खोली ओलांडून, शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून. बाकीची गिऱ्हाइकं जेवून उठून जात होती. बाबा मात्र त्या वाटेच्या तोंडाशी तासन् तास बसून होते, आणि तिनेच त्यांना तिथे बसवलं होतं.

तिला रडू आलं. पण ओट्यावर गिऱ्हाईक होतं, म्हणून तिने ते गिळलं आणि मालकांना बोलावलं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनीही रुमाल धरून बघितला, भुवया उंचावल्या. मग म्हणाले, दार बंद ठेवू. दार बंद ठेवलं. पण ओट्यावर ताटं जायची होती, रिकामी परत यायची होती, आणि दर वेळी दार उघडलं की धूर वाट बघत उभा असल्यासारखा आत शिरायचा. काचेच्या खोलीचंच दुखणं उलट्या बाजूने सुरू झालं. पडदे वर करू म्हटलं तर माणसं थंडीने कुडकुडली, आणि पडदे वर असतानाही दाराजवळचा धूर आतच वळत राहिला. तिने सांगितलं, ओट्यावरची सिगारेटच बंद करा. मालकांना ते पटेना. रोजची मंडळी त्या ओट्यासाठीच येतात, ती दुसरीकडे जातील. मग हळूच म्हणाले, "त्यापेक्षा बाबांना काही दिवस आणू नकोस."

यात चिडण्यासारखं काही नव्हतं. हॉटेल त्यांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत, कारंज्याजवळ, तिने बाबांना सगळं सांगितलं. मावशीला दुपारी घरी यायला सांगितलं आहे, पंप गळ्यात अडकवायचा, न्हाणीघराची कडी लावायची नाही. बोलताना तिला सारखं वाटत होतं की ते आता विचारतील, मला तिथे का बसवलंस? बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "मला ठाऊक होतं. आपल्याच टेबलावर धूर येत होता."

ती थक्क झाली. मग बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

"बोललो असतो तर मला घरी बसवलं असतंस."

"मग काय झालं असतं? श्वास तरी नीट राहिला असता."

"माझा राहिला असता," बाबा म्हणाले. थोडं थांबून, दम घेऊन पुढे बोलले. "तू पाणी द्यायला येतेस ना, तेव्हा खोकतेस. त्या दाराजवळ आलीस की खोकतेस. आधी नव्हतीस खोकत. मी तीन तास बसतो तर माझी ही गत. तू तर दुपारपासून रात्रीपर्यंत तिथेच असतेस. मी म्हटलं बघावं तरी, पोरगी किती खोकते ते."

कॅप्टनने मान वळवली. पलीकडे चौकोनात कुणीतरी सिगारेट पेटवली होती. ती नकळत खोकली, आणि खोकला अर्ध्यावर दाबला. धूर इथवर येत नव्हता. मग हा खोकला कुठला, हे तिने स्वतःला विचारलं.

दुपारी ती एकटीच कामावर गेली. एप्रन बांधला नाही, हातातच ठेवला. मालक गल्ल्यावर होते. ती म्हणाली, ओट्यावर सिगारेट चालू असेल तर मी आजपासून काम करू शकणार नाही.

मालकांनी गोंधळून मागच्या टेबलाकडे पाहिलं. ते रिकामं होतं.

"आता काय अडचण आहे?" त्यांनी विचारलं. "बाबा तर घरी आहेत ना?"

"बाबा घरी आहेत," ती म्हणाली. "मी इथे आहे."