कुठला हात टेकून?

मध्य प्रदेश होऊन दोनच वर्षं झाली होती. मल्हारगंजातल्या आखाड्यात नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीला मिलमधले क्लार्क शंकरराव मुळे दरसाल दौलतराव पिसाळांच्या शेजारी बसत आणि त्यांना कुस्ती सांगत. दौलतराव होळकरांच्या फौजेतले जुने पहिलवान. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. "वा, काय डाव!" म्हटलं की म्हातारा खवळे.

"वा-वा गेलं चुलीत! वर कोण, हात कुठे, तोंड कुणीकडे, ते बोला!"

मुळे तसं बोलायला शिकले होते. पण यंदा आखाड्यात दौलतरावांचा मुलगा भगवंत होता.

"भगवंत तुमच्या डावीकडे, वाकलेला. समोरच्याने मागून कमर धरली. उचलला, पाय वर..."

धप्प आवाज झाला. सगळी गर्दी गप्प झाली, आणि मुळेही. भगवंत मानेवर पडला होता.

दौलतरावांनी मुळ्यांचं मनगट आवळलं. "बोला ना, मुळेजी!"

"उठतोय," मुळे म्हणाले.

"कुठला हात टेकून?"

मुळ्यांना हात सुचेना.

"नाही उठत. उताणा पडलाय, डोकं आपल्याकडे. डोळे मिटलेत. छाती हलतेय. वस्तादांनी डोकं दोन्ही हातांत धरलंय, कुणाला उचलू देत नाहीत. बोटं... बोटं हलली!"

"कुठल्या हाताची?"

"डाव्या."

"आणि उजव्या?"

मुळ्यांनी डोळे ताणून पाहिलं. "अजून नाही."

मनगटावरची पकड सुटली नाही. "नजर काढू नका," दौलतराव म्हणाले. "बोलत राहा."