मधली चौकट

आमच्या घराच्या दाराला बाहेरून कडी नाही. बाबा सुतार. अख्ख्या गल्लीची दारं त्यांच्या हातची, पण स्वतःच्या दाराला कडी लावायला त्यांना म्हणे सवड होत नाही. आम्ही आपलं आतूनही उघडणारं किल्लीचं कुलूप वापरतो. यावरून मी लहानपणापासून त्यांची टर उडवत आले, आणि ते नुसते हसत आले.

आई वाचनालयात मदतनीस आहे. दुसऱ्यांची वाचून झालेली पुस्तकं फळीवर लावता लावता तिने बाहेरून बी.ए.ला बसायचं ठरवलं. बाकीचे विषय सुटले, मानवी भूगोल तेवढा मानगुटीवर बसला. यंदाची संधी शेवटची. आता नापास झाली असती तर नोंदणीच रद्द होऊन आधीचे सुटलेले विषयही पाण्यात गेले असते. मी कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणजे ही नामुष्की थेट माझ्या दारात. रविवारी दुपारी जेवणं उरकताच मी तिला टेबलापाशी बसवलं.

प्रकरण होतं नागरीकरण आणि स्थलांतर. पुस्तकात ते संपता संपत नाही. मी म्हटलं, "हे सगळं पाठ करायचं नाही. प्रत्येक प्रारूपाची एक आकृती, आकृतीला नावं, खाली एक उदाहरण. बाकी सगळं गाळायचं."

"गाळायचं म्हणजे नेमकं काय गाळायचं?"

"ज्याच्यावाचून आकृती उभी राहते, ते."

आईने मान डोलावली. मग स्वयंपाकघरातून डब्यांची लहानमोठी झाकणं आणली आणि एकात एक अशी झकास वर्तुळं काढली. शहर मध्यापासून बाहेर वाढतं, ते हे वलयांचं प्रारूप. आत व्यापाराचं केंद्र, त्याभोवती संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या परिस्थितीतल्यांची, आणि सगळ्यात बाहेर रोज ये-जा करणाऱ्यांचा पट्टा. आकृती सुरेख, पण नावं तिने वलयांच्या आतच कोंबली होती.

"आई, नावं आत नाही लिहायची! बाण काढायचा आणि नाव आकृतीच्या बाहेर. परीक्षकाला भिंग घेऊन बसवणार आहेस का?"

तिने मुकाट्याने खोडून बाण काढले. संक्रमण पट्ट्याशी आल्यावर मी उदाहरण विचारलं.

"बाजारामागच्या जुन्या इमारती," ती म्हणाली. "मालक डागडुजी करत नाही, कारण उद्या तिथे दुकानं काढायची असतात. म्हणून भाडं कमी. म्हणून शहरात नवीन आलेली माणसं आधी तिथे उतरतात. मीही तिथेच राहिले होते."

"तू कधी गं राहिलीस?" मी हसले. "लग्न करून थेट या घरात आलीस की!"

आई पेन्सिलीला टोक करत बसली. मीही पुढे सरकले. शिकवायला लागले की मला माणूस दिसत नाही, पोर्शन दिसतो.

पुढची आकृती निघण्याच्या आणि पोचण्याच्या ठिकाणांची. तिथे तिने सगळी मुलं करतात तीच चूक केली. निघण्याच्या वर्तुळात नुसत्या वजाच्या खुणा, पोचण्याच्या वर्तुळात नुसत्या अधिकच्या.

"असं असतं तर गावं ओस पडली असती," मी म्हटलं. "दोन्हीकडे अधिकही असतं, वजाही असतं, आणि ज्याने काही फरक पडत नाही त्याचं शून्यही. आणि मधे अडथळे. अंतर, प्रवासखर्च, कायदे."

अडथळ्यांपाशी तिचा हात जरा रेंगाळला. मग तिने डोंगरासारख्या दोन रेघा मारल्या आणि नाव न देता पान उलटलं.

शेवटची आकृती टप्प्याटप्प्याच्या स्थलांतराची. तीन चौकटी: खेडं, लहान गाव, शहर. मधे बाण. अगदी पोरखेळ.

"उदाहरण?"

"माझंच देते," आई म्हणाली. "आधी खेडं. मग लहान गाव, तिथे वर्षभर. मग शहर, बाजारामागे, शिवणाच्या कारखान्यात काम."

"लहान गावात कुणाकडे होतीस?"

"नवऱ्याकडे."

मला वाटलं, तिची जीभ घसरली. "बाबा तर जन्मापासून इथलेच."

"बाबा नव्हेत."

माझ्या हातातला रबर खाली पडला. उचलायचंही सुचेना. मी जवळजवळ किंचाळलेच, "तुझं आधी लग्न झालं होतं?"

"झालं होतं. कामावर जाताना तो बाहेरून कडी घालायचा. संध्याकाळी येऊन काढायचा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसती कडी. एका सकाळी शेजारणीने ती काढली आणि म्हणाली, जा. माझ्या माहेरचे म्हणाले, इकडे येऊ नकोस, त्याच्याकडे परत जा. मागचे दोन्ही बाण बंद. म्हणून मी पुढचा धरला."

ही तीच आई, जी पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. इतक्यात बाबा हात पुसत दारात आले आणि सहज म्हणाले, "आलं का ते लहान गाव?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नाआधीपासून."

"म्हणजे या घरात एकटी मीच ठार अडाणी!"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली. "तूच सगळ्यांना सांगायचीस, आई लग्न करून शहरात आली. मी हो म्हणायचे."

मला रडू येत होतं आणि रागही. त्या माणसाचा राग, आजोळचा राग, तिचाही राग. त्या भरात मी बोलून गेले, "हे उत्तरपत्रिकेत नको लिहूस. कुणीतरी अनोळखी माणूस वाचणार. मधली चौकट गाळ, खेड्यातून थेट शहरात बाण काढ."

"मधली चौकट गाळली तर ते टप्प्याचं स्थलांतर राहतं का?"

भूगोलाच्या प्राध्यापिकेने खाली पडलेला रबर उचलून टेबलावर ठेवला.

"तुझाच नियम आहे," ती म्हणाली. "ज्याच्यावाचून आकृती उभी राहते, तेवढंच गाळायचं."

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. आजूबाजूला आपल्या मुलांना आणायला आलेले पालक, आणि मी आपली आईला न्यायला आलेली. ती बाहेर आली ती बोटांची शाई चोळत.

"टप्प्यांचं आलं?"

"आलं. आणि अडथळ्यांचंही."

"अडथळ्यांत काय लिहिलंस?"

"अंतर, प्रवासखर्च आणि कडी."

"कडी? अगं, परीक्षकाला काय कळणार?"

"का नाही कळणार? बाण काढून नाव दिलंय. बाहेरच्या बाजूला."

निकाल लागला. आई पास झाली, तेही चांगल्या गुणांनी. बाबांनी हातातलं काम टाकून गल्लीभर सांगितलं. मी पेढे घेऊन आले, तेव्हा घरात दोघांचं हसणं चाललं होतं. मी किल्ली काढली, चौकटीला बोटं लागली आणि तिथेच थबकले. आयुष्यभर ज्या दारातून आत-बाहेर केलं, त्याच्या चौकटीला बाहेरून, हाताच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं होती. पुट्टी भरून, घासून, वर रंग दिलेली. बोट फिरवलं तरच कळावीत इतकी सफाईने बुजवलेली.

कडी लावायला बाबांना सवड झाली नव्हती, असं नव्हतंच. होती ती त्यांनी काढली होती.